जत्रेच्या व्हिडिओत पोराचा चेहरा आला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या यात्रा, कुस्त्यांचे आखाडे आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुका शूट करून टाकतो. छोटंसंच यूट्यूब चॅनेल आहे. दोनेक वर्षांपूर्वी माझ्याच एका व्हिडिओवर खाजगीपणाची तक्रार आली आणि त्या निमित्ताने ही सगळी प्रक्रिया मी आतून बघितली. तेव्हापासून दोन्ही बाजूंची माणसं विचारायला येतात. चॅनेलवाले विचारतात "काढायला लागतंय काय?" आणि आईबाप विचारतात "काढायला लावायचं कसं?" बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

रस्त्यावर, बाजारात, यात्रेत लोकांचं शूटिंग करणं हाच गुन्हा आहे का?

नाही. गणपत गल्लीत उभं राहून बाजाराचा व्हिडिओ काढायला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची सही घ्यावी लागेल, असा कायदा आपल्याकडे नाही. गुन्हा ठरतो तो काय टिपलं आणि त्याचं काय केलं यावरून. बाई कपडे बदलत असताना किंवा कोणी बघणार नाही असं धरून वागत असताना तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रणासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आहे. नदीवर किंवा डोंगरावरच्या कुंडावर अंघोळ करणाऱ्या बायकांकडे कॅमेरा वळवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. "जागा सार्वजनिक होती" हे तिथे पुरेसं उत्तर नाही.

याचा अर्थ बाकी सगळं मोकळं आहे असाही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. माणूस घराबाहेर पडला म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही, हा विचारही त्या निकालात आहे. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते.

मग संमती कधी घ्यायची?

माझा नियम साधा आहे. दृश्य गर्दीचं आहे की त्या माणसाचं? पालखी चालली आहे, मागे दोनशे माणसं आहेत आणि त्यात एक काकू दिसून गेल्या, तर ते गर्दीचं दृश्य. तोच कॅमेरा थांबवून, झूम करून काकूंच्या अंगात आलेलं तीस सेकंद दाखवलं, तर व्हिडिओ काकूंचा झाला. तिथे विचारायला हवं, आणि शुद्धीवर आल्यावर विचारायला हवं. आमच्याकडे अर्ध्या वेळा कन्नडमध्ये विचारावं लागतं. "अक्का, विडिओ माडबहुदा?" एवढं आलं तरी भागतं, आणि एरवी रागावणारी माणसंसुद्धा निम्म्या वेळा हसून पदर सावरतात.

आणखी एक फरक लोकांच्या लक्षात येत नाही. शूटिंगला "हो" म्हणणं म्हणजे इंटरनेटवर टाकायला "हो" म्हणणं नव्हे. कलम ७७ मध्ये खाजगी कृत्याच्या बाबतीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: चित्रणाला संमती असली तरी ते पसरवायला नसेल, तर पसरवणं गुन्हा. साध्या यात्रेच्या व्हिडिओला ते कलम लागत नाही, पण विचारताना दोन्ही गोष्टी विचाराव्यात. "काढतो" आणि "यूट्यूबवर टाकतो".

पोरगं स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन नाचलं. ती संमती नाही का?

नाही. कॅमेरा दिसला की पोरं येणारच. सात वर्षांच्या मुलाला व्हिडिओ किती लोक बघणार, पाच वर्षांनी कोण शोधून काढणार, हे कळत नाही, म्हणून त्याचं "हो" पालकाने म्हणायचं असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळता येणारी संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यात अठरा महिने दिलेले आहेत. घरगुती वापराला कायद्यातून सूट आहे, म्हणून भाच्याच्या बारशाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. पण जाहिरातींचे पैसे येणारं चॅनेल स्वतःला "घरगुती" म्हणवून घेईल, हे मला पटत नाही.

तुमच्या व्हिडिओवर तक्रार का आली होती?

खानापूर तालुक्यातल्या एका गावची लक्ष्मी यात्रा होती. अशा यात्रा बऱ्याच वर्षांनी भरतात, त्यामुळे माहेरवाशिणींसकट अख्खं गाव जमतं. भंडारा एवढा उधळला होता की माणसं पिवळी दिसत होती. त्या गर्दीत एक सहा-सात वर्षांची मुलगी आईपासून सुटली आणि रडायला लागली. मी कॅमेरा तिच्यावर धरला. चार मिनिटं बारा सेकंदांपासून चार मिनिटं एकतीस सेकंदांपर्यंत, म्हणजे एकोणीस सेकंद. मागून आई तिला पूर्ण नावाने हाका मारत येते, उचलून घेते, मुलगी गप्प होते. मला वाटलं, काय गोड प्रसंग! त्याचाच फोटो मी व्हिडिओच्या दर्शनी चित्राला लावला आणि त्या एकोणीस सेकंदांचं वेगळं शॉर्टही काढलं.

गोड मला वाटला होता. शाळेत त्या पोरीला "रडकी यूट्यूबवाली" म्हणायला लागले होते. आईने आधी एका ओळखीच्या माणसाकडून निरोप पाठवला. मी "बघतो" म्हटलं आणि बघितलं नाही. मग मुलीच्या मामाने यूट्यूबकडे तक्रार केली. ती फेटाळली गेली. काही दिवसांनी आईने स्वतः केली आणि मला मेल आला.

मामाची तक्रार का फेटाळली?

दोन चुका होत्या आणि जवळजवळ सगळे याच दोन चुका करतात.

पहिली, तक्रार कोणी केली. यूट्यूबला तक्रार ज्याचा चेहरा आहे त्याच्याकडूनच हवी असते. अपवाद मोजके आहेत: मूल असेल तर आईवडील किंवा कायदेशीर पालक, व्यक्ती वारली असेल तर किंवा तिला संगणक वापरता येण्याची सोय नसेल तर तिच्या वतीने दुसरं कोणी. मामा कितीही जवळचा असला तरी पालक नव्हे. वर्गशिक्षक नव्हे, गल्लीतला मंडळाचा अध्यक्ष तर नव्हेच.

दुसरी, त्याने लिहिलं होतं "या व्हिडिओत आमच्या भाचीची बदनामी केली आहे". व्हिडिओ बावीस मिनिटांचा. बघणाऱ्याने शेकडो पिवळ्या चेहऱ्यांतून भाची शोधायची कशी? यूट्यूबचा निकष बदनामीचा नाही. व्यक्ती तिच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, पूर्ण नावावरून किंवा पत्ता-फोन यांसारख्या तपशिलावरून नेमकी ओळखता येते का, हा निकष आहे. त्याच्या जोडीला ते लोकहित, बातमीमूल्य आणि संमती बघतात. म्हणूनच मोर्चातला, सभेतला किंवा निवडणुकीतला चेहरा सहसा निघत नाही आणि रडणाऱ्या पोरीचा निघू शकतो.

आईने काय वेगळं लिहिलं?

तिचा मजकूर मी नंतर तिच्याच फोनवर बघितला. चार-पाच वाक्यं होती. मी मुलीची आई आहे, मुलीचं वय सात वर्षं आहे, व्हिडिओ आणि शॉर्ट टाकायला आम्ही परवानगी दिली नव्हती. वेळ ४:१२ ते ४:३१. मुलगी हिरव्या परकरात आहे, कपाळाला मुंडावळ्यांसारखी फुलं बांधली आहेत, पडद्याच्या डावीकडे उभी आहे. ४:२४ ला तिचं पूर्ण नाव ऐकू येतं. दर्शनी चित्रातही तीच आहे.

यात राग नाही, शिव्या नाहीत, वकिली भाषाही नाही. तपासणाऱ्याला ते एकोणीस सेकंद थेट उघडता येतील एवढंच आहे. फॉर्म गूगलच्या मदत पानांवर `YouTube Privacy Complaint Process` असं शोधलं की सापडतो. व्हिडिओखालच्या `Report` बटणाने नियमभंग कळवता येतो, पण "हा माझ्या मुलीचा चेहरा आहे" हे सांगायची खरी जागा हा फॉर्म आहे. शॉर्टची लिंक वेगळी असते, तीही द्यायला विसरू नका. व्हिडिओ निघाला आणि शॉर्ट तसंच राहिलं, असं पुष्कळदा होतं.

फॉर्म भरण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात लिंक, चॅनेलचं नाव, तारीख आणि तो चेहऱ्याचा क्षण दिसायला हवा. व्हिडिओ हटवल्यावर पुरावा उरत नाही आणि पुढे पोलिसांकडे जायची वेळ आली तर हात हलवत बसावं लागतं.

चॅनेलवाल्याला ४८ तास मिळतात म्हणजे नेमकं काय?

तक्रारीत दम आहे असं वाटलं तर यूट्यूब अपलोड करणाऱ्याला ती दुरुस्त करायची संधी देऊ शकतं आणि त्यासाठी ४८ तास असतात. तेवढ्यात तुम्ही तो भाग काढला किंवा चेहरा पुसट केला तर तक्रार तिथेच मिटते. नाहीतर यूट्यूबची माणसं व्हिडिओ बघून ठरवतात. व्हिडिओ नुसता `Private` करून ठेवणं चालत नाही, कारण उद्या तो पुन्हा उघडा करता येतो. आणि हटवलेला व्हिडिओ थोडा बदलून परत टाकायचा शहाणपणा करू नये. तो छळ समजला जाऊ शकतो.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण इथे बरेच जण अडकतात. संगणकावर `YouTube Studio` उघडलं, `Content` मधून व्हिडिओ निवडला, `Editor`, मग `Blur`, मग `Face blur`. ते आपोआप चेहरे शोधतं आणि तुमच्यापुढे मांडतं. माझ्या व्हिडिओत त्याने पोलीसमामा शोधला, नारळवाला शोधला, पण मुलगी अर्धीच सापडली. तोंडाला भंडारा आणि मान वळलेली. आईच्या खांद्यावर गेल्यावर तर फक्त गाल दिसतो, तो त्याला चेहराच वाटला नाही. म्हणून `Custom blur` घेऊन हाताने चौकोन ओढला आणि त्याची वेळ चेहऱ्याच्या आधी एक सेकंद ते नंतर एक सेकंद अशी ठेवली.

चेहरा झाकला तरी नाव ऐकू येतच होतं. पुसट करण्याने आवाज जात नाही. शेवटी मी तो एकोणीस सेकंदांचा तुकडाच कापला. दर्शनी चित्र वेगळं असतं, त्यावर या कशाचाच परिणाम होत नाही, ते स्वतंत्र बदलावं लागलं. शॉर्ट पूर्ण डिलीट केलं. व्हिडिओची लिंक, बघणाऱ्यांचा आकडा आणि कमेंट कायम राहतात, त्यामुळे "सगळं जाईल" ही भीती खोटी आहे. एक लाखाच्या वर व्ह्यूज गेलेल्या व्हिडिओत, चॅनेल पैसे मिळवणाऱ्या कार्यक्रमात नसेल, तर संपादन करता येत नाही, पण चेहरे पुसट करायला तिथेही मुभा आहे. बदल लगेच दिसत नाही. मोठा व्हिडिओ असेल तर प्रक्रिया व्हायला काही तास जातात, म्हणून सत्तेचाळिसाव्या तासाला सुरुवात करू नका.

कमेंटमध्येही कोणीतरी "ही तर अमक्याची नात" असं लिहून ठेवलेलं असतं. तेही मी काढलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं काय?

तिथेही खाजगीपणाच्या तक्रारीचा वेगळा फॉर्म मदत विभागात आहे. मूल तेराच्या आत असेल तर पालक तक्रार करतो. तेरा ते सतरा वयाच्या मुलाने सहसा स्वतः तक्रार करावी अशी त्यांची अपेक्षा असते. आपल्या घरी पंधरा वर्षांची मुलगी असेल तर आईने तिला शेजारी बसवून भरून घ्यावा.

रीलवरच्या तीन टिंबांतून केलेल्या रिपोर्टवर फार विसंबू नका. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवरचं प्रकरण आठवत असेल. रस्त्याने जाणाऱ्या मुलींचे व्हिडिओ त्यांच्या नकळत काढून एक इन्स्टाग्राम खातं ते टाकत होतं. त्यातल्या एका तरुणीने, आपण रिपोर्ट करूनही व्हिडिओ निघाला नाही, हे जाहीरपणे सांगितलं. मग पोलिसांनी गुन्हा नोंदवून एकाला अटक केली. यंत्राला त्या व्हिडिओत नग्नता दिसत नाही, शिवी दिसत नाही. चालणारी मुलगी दिसते. तिला काय वाटतं ते सांगायला माणसाने वाचायचा फॉर्मच लागतो.

व्हॉट्सॲपवर फिरतोय तर?

तिथे कोणताही फॉर्म उपयोगाचा नाही. संदेश फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकतात, त्यामुळे कंपनी मधूनच व्हिडिओ उचलून टाकू शकत नाही. ग्रुपचा ॲडमिन गाठा, तो सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. गावातला ग्रुप असेल तर हे यूट्यूबपेक्षा लवकर होतं.

कंपनीने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही तर?

केंद्राच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो. त्याने २४ तासांत पोच द्यायची असते. निकालाला आधी १५ दिवस होते, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ते ७ वर आणले. व्हिडिओत नग्नता, खाजगी भाग किंवा बनावट मॉर्फ केलेलं चित्र असेल तर मुदत दिवसांची नाही, तासांची आहे. आधी २४ होते, आता २. तक्रारीत हा प्रकार स्पष्ट शब्दांत लिहा, म्हणजे ती योग्य रांगेत जाते. अशी तक्रार त्या व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या कोणीही केली तरी चालते, इथे मामालाही वाव आहे.

अधिकाऱ्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. या समित्या २०२३ पासून काम करतात आणि सगळा कारभार `gac.gov.in` वर ऑनलाइन चालतो. दिल्लीला जावं लागत नाही. पण अपील करताना पहिल्या तक्रारीचा क्रमांक आणि कंपनीचं उत्तर जोडावं लागतं, म्हणून ते मेल जपून ठेवा. आमच्याकडे मेल आयडी मुलाने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. आधी तेवढं नीट करा.

व्हिडिओ काढणारा कोल्हापूरचा, प्रसंग निपाणीचा, आम्ही बेळगावचे. तक्रार कुठे द्यायची?

कंपनीकडच्या तक्रारीला हद्द नसते. नियम केंद्राचे आहेत, सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच. पोलिसांकडेही गुन्हा गंभीर असेल तर "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, ते शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवतात. कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन ठाणी आहेत. ऑनलाइन तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते, आणि मूल संकटात असेल तर १०९८.

अर्ज कोणत्या भाषेत, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर दोन तास वाद होऊ शकतो. मी सांगतो ते तत्त्व नव्हे, सोय आहे. मराठीत लिहा आणि सोबत कन्नड किंवा इंग्रजीत अर्ध्या पानाचा गोषवारा जोडा. तपास अधिकारी ते लगेच वाचतो आणि भाषांतरासाठी अर्ज पडून राहत नाही.

रागाच्या भरात त्याचा मोबाइल हिसकावून डिलीट केला तर?

करू नका. तक्रारदार तुम्ही होता, आता आरोपी व्हाल. शिवाय क्लाउडवर प्रत असते.

डोंगरावर भीक मागणाऱ्या मुलांना खाऊ देतानाचा व्हिडिओ तर चांगल्या कामाचा आहे ना?

सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमेला हे हमखास दिसतं. एक जण बिस्किटं वाटतो, दुसरा तोंडाजवळ कॅमेरा धरतो. बाल न्याय कायद्यात भीक मागताना आढळलेलं मूल "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल" ठरतं. अशा मुलाबद्दल चौकशी किंवा कार्यवाही चालू असताना त्याची ओळख पटेल असं नाव, शाळा, पत्ता किंवा चित्र कोणत्याही माध्यमात दाखवायला कलम ७४ मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या मुलाबद्दल पॉक्सोचं कलम २३ याहून कडक आहे. तिथे घर, गल्ली, शेजारी, काहीही कळता कामा नये. "चेहरा झाकला होता" म्हणणाऱ्या एका व्हिडिओत मागे शाळेची पाटी स्वच्छ वाचता येत होती, हे मी पाहिलं आहे.

मुलाला मदत हवी आहे असं वाटलं तर कॅमेरा खिशात घालून १०९८ ला फोन करा. बिस्किटं द्यायची तर द्या.

आधीच टाकलेल्या जुन्या व्हिडिओंचं काय करायचं?

माझे दोनशेच्या वर होते. सगळे बघणं जमलं नाही. दर्शनी चित्रांपासून सुरुवात केली, कारण ती बघायला व्हिडिओ उघडावा लागत नाही. त्यांत अकरा ठिकाणी एकट्या मुलाचा चेहरा मोठा दिसत होता. ओळखीची चार घरं होती, तिथे फोन केला. तिघांनी "असू दे की ओ, छान आलाय" म्हटलं, एकाने काढायला सांगितलं. उरलेली सात मी न विचारताच बदलली. आता तिथे देवीचं तोंड किंवा गाड्याची बैलजोडी आहे.

त्या मुलीच्या आईला नवीन लिंक पाठवली होती. तिने पूर्ण व्हिडिओ बघितला आणि कळवलं, "अठराव्या मिनिटाला पण ती मागे दिसत्या, पण ते राहू दे, तिथं हसत्या ती."